आत्याच्या १९७२ सालच्या शाळेच्या वहीतली पुसट पेन्सिल आणि खोडलेल्या ओळी कशा वाचायच्या?

रानवाट
नमस्कार मंडळी. वडिलांच्या ट्रंकेत त्यांच्या मोठ्या बहिणीची, म्हणजे माझ्या आत्याची चौथीतली वही सापडली. आत्या आता नाही. गाव बीड जिल्ह्यातलं, साल १९७२, आणि मधल्या एका पानावर "आमच्या गावचा दुष्काळ" असा निबंध आहे म्हणून मला ही वही नीट वाचायचीच आहे. पण सगळं शिसपेन्सिलीने लिहिलेलं, इतकं फिकट झालंय की कागद तिरका धरला तरच दिसतं, समोरच्या पानावर घासून काळपट डाग पडलेत, बऱ्याच ठिकाणी खोडून वरून परत लिहिलंय, आणि वहीच्या निळ्या रेघा बरोबर अक्षरांमधून जातात. मोबाईलमधल्या स्कॅनच्या ॲपने फोटो काढला तर रेघा ठळक येतात आणि अक्षरं पांढरी होऊन गायब!! जेवढं लागलं तेवढं असं:

"आमच्या गावात पाऊस पडला नाही. विहीर आटली. आई रवडी(?) फोडायला जाते. आम्हाला सु... मिळते. बैल विकले."

"बैल विकले" या शब्दांच्या खाली आधी काहीतरी वेगळं लिहून खोडलेलं आहे. ते वाचता येईल का? वहीला धक्का न लागता?

धुरळा
ॲपमधला ब्लॅक अँड व्हाईट मोड बंद करा सगळ्यात आधी, तो मधे एक पातळी धरून तिच्या वरचं सगळं पांढरं करतो, फिकट पेन्सिल त्यातच जाते. कलरमध्ये फोटो घ्या, मग ग्रे करून कॉन्ट्रास्ट वाढवा. आणि रेघांचं म्हणाल तर कोडने आडव्या लांब रेघा शोधून पुसता येतात, ऑफिसमध्ये फॉर्म स्कॅन करताना आम्ही हेच करतो, दहा ओळींचं काम आहे. पान टाका इथे, करून देतो.

पाटीपेन्सिल
माझ्या मुलाचा हाच प्रॉब्लेम आहे हो, दुसरीत आहे, इतकं फिकट लिहितो की बाई म्हणतात वाचताच येत नाही, घरी खोडून परत लिहायला लावलं तर पान काळं होतं. कोणती पेन्सिल घ्यावी?

तांबडी_माती
@पाटीपेन्सिल ताई, इथे जुन्या वहीचं चाललंय पण सांगते. दुकानात जी मिळते ती बहुतेक एचबी, त्याऐवजी टूबी देऊन बघा, कमी दाबात गडद उमटते. मात्र ती मऊ असते म्हणून जास्त पसरते, तेव्हा हाताखाली कोरा कागद ठेवायची सवय लावा आणि खोडायला पांढरं मऊ खोडरबर घ्या. पेन्सिलीच्या मागच्या गुलाबी रबराने कागदच खरवडतो.

@रानवाट, तुमच्या वहीबद्दल. मी कागदपत्रं जतन करण्याचं काम केलंय बरीच वर्षं, म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगते. पानावरून कापूस, ब्रश, रबर काहीही फिरवू नका, पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइटची पूड नुसती तंतूंवर बसलेली असते, शाईसारखी आत मुरलेली नसते, त्यामुळे जे हलवाल ते जाईल. लॅमिनेशन अजिबात नको. आणि कोणी सांगेल की खोडलेल्या जागेवर दुसरी पेन्सिल आडवी धरून हलकेच रंगवा म्हणजे खाचा पांढऱ्या उठून दिसतात, ते इथे करायचं नाही. एकदा रंगवलंत की आत्याच्या हातचं काय आणि तुमचं काय हे कधीच वेगळं करता येणार नाही.

सांगलीकर
मी तेच सांगणार होतो पेन्सिल फिरवायचं, लहानपणी दुसऱ्याच्या वहीखालचा कागद असाच वाचायचो. बरं झालं आधी वाचलं.

तांबडी_माती
फोटो घेताना दोन वेगवेगळे घ्या, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी वाचायच्यात.

एक, जे फिकट आहे पण ग्राफाइट शिल्लक आहे ते. ग्राफाइट चकाकतं, म्हणून डोक्यावरचा दिवा किंवा फ्लॅश समोरून पडला की ते कागदाइतकंच उजळ दिसतं आणि अक्षर नाहीसं होतं, तुमच्या ॲपचं निम्मं कारण हेही असणार. उजेड दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून येऊ द्या, कॅमेरा सरळ वर, फ्लॅश बंद. स्कॅनर असेल तर उत्तमच, ६०० डीपीआय आणि कलरमध्ये. ग्रेस्केल निवडू नका, रंग पुढे लागणार आहे.

दोन, जे खोडलेलं आहे ते. तिथे ग्राफाइट गेलं पण दाबाची खाच राहिली. खोली अंधारी करा, टॉर्च जवळजवळ कागदाला टेकवून एका बाजूने धरा, उजेड पानावरून घासत गेला पाहिजे. खाचेच्या एका काठावर सावली पडते. एकच फोटो पुरत नाही, उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकतच नाही. डावीकडून टॉर्च धरलात तर उभे दंड दिसतील आणि शिरोरेषा दिसणार नाही, वरून धरलात तर उलट. म्हणून चारही बाजूंनी एकेक, वही आणि कॅमेरा जराही न हलवता.

धुरळा
@रानवाट तुम्ही दिलेल्या स्कॅनवर रेघा काढून बघितल्या. रेघा गेल्या पण अक्षरं विचित्र झालीयेत, सगळ्यांचे माथे उडालेत. थ्रेशोल्ड बदलून बघतो.

चष्मा_कुठाय
थ्रेशोल्डने होणार नाही धुरळा. पान नीट बघ, आत्याने अक्षरं रेघेला लटकवून लिहिलीयेत, म्हणजे तिची शिरोरेषा जवळजवळ छापील रेघेवरच आहे. तुझा कोड आडवी लांब काळी पट्टी शोधतो, आणि "आमच्या" ची शिरोरेषा पण त्याच्या दृष्टीने आडवी लांब पट्टीच. इंग्रजी फॉर्मवर चालतं कारण तिथे अक्षराला शिरोरेषा नाही. इथे तू आकारावरून ओळखतोयस, ओळखायचं रंगावरून.

छापील रेघ निळी आहे. निळ्या चॅनलमध्ये निळी शाई कागदाइतकीच उजळ दिसते, म्हणजे रेघ आपोआप जाते. पेन्सिल राखाडी असते, ती लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही चॅनलमध्ये सारखीच काळी. म्हणून नुसता निळा चॅनल घेतला की रेघ गेली आणि शिरोरेषा राहिली. GIMP मध्ये Colors > Components > Mono Mixer उघडून Red आणि Green शून्य, Blue एक.

धुरळा
हे भारी आहे, करून बघितलं, रेघा खरंच गेल्या आणि माथे परत आले. पण पान भयंकर डागाळलेलं दिसायला लागलं, आधी एवढे डाग नव्हते!

चष्मा_कुठाय
होते, दिसत नव्हते. जुना कागद पिवळा-तपकिरी पडलाय, आणि पिवळा रंग निळा उजेड शोषतो, म्हणून निळ्या चॅनलमध्ये प्रत्येक डाग काळा होतो. लाल चॅनलमध्ये उलट, डाग जातात पण निळी रेघ काळी ठळक येते. आता याचाच फायदा घ्यायचा. रेघ निळ्या चॅनलमध्ये उजळ, डाग लालमध्ये उजळ, पेन्सिल मात्र कशातच उजळ नाही. प्रत्येक पिक्सेलला तिन्हींपैकी सगळ्यात उजळ किंमत घेतली तर रेघ पण जाते, डाग पण जातो, पेन्सिल राहते. त्याआधी प्रत्येक चॅनल त्याच्या स्वतःच्या धूसर प्रतीने भागून घ्यायचा म्हणजे कडेचा अंधार आणि कागदाचा रंग सपाट होतो.

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("paan12.png").astype(np.float32)
bg = cv2.GaussianBlur(img, (0, 0), 60)
norm = np.clip(img / (bg + 1) * 220, 0, 255)
out = norm.max(axis=2)
cv2.imwrite("paan12_max.png", out.astype(np.uint8))
```

तो ६० आकडा ६०० डीपीआयच्या स्कॅनसाठी आहे. फार कमी केलात तर अक्षरंच पार्श्वभूमी समजली जातात आणि पोकळ, नुसत्या कडा असल्यासारखी दिसतात, तसं दिसलं की वाढवा.

आणि मोबाईलचा JPEG वापरू नका याला. JPEG उजेडाची माहिती बारीक ठेवतं पण रंगाची बहुतेक वेळा निम्म्या रिझोल्यूशनवर ठेवतं, त्यामुळे रेघेच्या दोन्ही कडांना बारीक उरलेली सावली राहते आणि ती नेमकी शिरोरेषेला चिकटते. स्कॅनरवरून PNG किंवा TIFF, नाहीतर फोनमध्ये रॉ.

रानवाट
चुलतभावाकडे स्कॅनर होता, त्याच्याकडून ६०० ला कलरमध्ये PNG करून घेतलं आणि धुरळा यांनी कोड चालवून दिला. फरक केवढा आहे म्हणून सांगू!! "सु..." पुढचं आलं, "सुकडी" आहे ते. स चा उकार इतका खाली गेलाय की पुढच्या रेघेत मिसळला होता आणि मला तो रेघेचाच भाग वाटत होता. "आम्हाला सुकडी मिळते."

पण समोरच्या पानावरून आलेले काळे डाग तसेच आहेत. आणि "रवडी" अजून रवडीच दिसतंय, आता तर जास्तच स्पष्ट. रेवडी फोडायला कोण जाईल? लाकडं म्हणायचं असेल का?

सांगलीकर
रेवडी नाही हो, "खडी" आहे ते!! पूर्वी शाळेत ख असाच शिकवायचे, र आणि व शेजारी, खालून जोडलेले नसायचे. दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली होती, बायका-माणसं दिवसभर दगड फोडायची. माझी आई पण गेलीये. सुकडी आणि लाल मिलो, दोन्ही खाल्लंय आम्ही. आत्याने लिहिलंय ते "आई खडी फोडायला जाते".

रानवाट
सांगलीकर काका, अंगावर काटा आला. वडील तेव्हा अगदी लहान होते, त्यांना एवढंच आठवतं की आई दिवसभर घरी नसायची. खडीचं आमच्याकडे कोणी बोललंच नाही कधी.

तांबडी_माती
डागांचं सांगते. समोरच्या पानावरून आलेला डाग सपाट काळा असेल तर रंगाने जाणार नाही, तोही ग्राफाइटच आहे, तिन्ही चॅनलमध्ये पेन्सिलीसारखाच वागतो. डाग अक्षरापेक्षा बराच मोठा आणि मऊ कडेचा असेल तर वरच्या भागाकाराने कमी होतो, अक्षराएवढाच असेल तर राहतो. पण तो डाग फेकून देऊ नका, आधी उलटा करून बघा. वही मिटलेली असताना एका पानाचं ग्राफाइट समोरच्यावर उमटतं, आरशातल्यासारखं. समोरच्या पानाचा स्कॅन आडवा उलटवून या पानाशेजारी ठेवा, इथे जे झिजून गेलंय ते कधी कधी तिथे सापडतं.

रानवाट
केलं. डागांमध्ये "विहीर" उलटं स्पष्ट दिसतंय! खोडलेल्या जागेचं मात्र तिथे काहीच नाही.

तांबडी_माती
लिहिल्यावर ते जास्त दिवस वहीत मिटलेलं राहिलं नसेल, लगेच खोडलं असेल. मग खाचांकडेच जावं लागेल. तिरक्या उजेडाचे फोटो टाका.

रानवाट
टाकलेत, चारही बाजूंचे. मला नुसता खरखरीत कागद दिसतोय.

तांबडी_माती
हो, बघितले. तिथे थुंकी लावून बोटाने खोडलेलं असावं असं वाटतंय, कागदाचे तंतू उठलेत आणि प्रत्येक तंतू आपली सावली टाकतोय, त्यात खाच हरवते. अशा वेळी पान उलटायचं. मागच्या बाजूला रबर फिरलेलं नसतं, तिथला कागद गुळगुळीत असतो आणि पुढची खाच तिथे उंचवटा म्हणून येते. मागून तोच तिरका उजेड, मग फोटो आडवा उलटवायचा. आणि त्याच्या खालचं पुढचं पान पण बघा, जोर लावून लिहिलं असेल तर तिथेही ठसा उतरतो.

मागून बघताना एक लक्षात ठेवा, "बैल विकले" चे उंचवटे पण तिथेच येणार. पुढून जी अक्षरं काळी दिसतात त्यांचे उंचवटे आधी ओळखून बाजूला काढा. जे उंचवटे उरतात आणि पुढे ज्यांची पेन्सिल नाही, ते खोडलेलं.

रानवाट
हे जमलं!!! रात्री सगळे दिवे बंद करून टॉर्च टेबलाला टेकवून मागून फोटो काढले. "का... मुंबईला गेल..." एवढं नक्की आहे, "मुंबईला" तर बोटाने चाचपावं इतकं उठून दिसतंय. पण काका की काकी? आणि गेले की गेली? वडील म्हणतात काका गिरणीत काम शोधायला गेले होते. मोठी चुलतबहीण म्हणते काका गावातच होते, काकीच तिच्या भावाकडे मुंबईला गेली होती, आणि यावरून घरात वाद होता. म्हणून मला हे नक्की हवंय.

धुरळा
डावीकडून उजेड असलेल्या फोटोत मला क च्या वर वेलांटीचा गोल दिसतोय. काकी.

सांगलीकर
मला तर तो पुढच्या पानाचा ओरखडा वाटतो. पोरीने काकांबद्दलच लिहिलं असणार, तेव्हा बाप्ये मुंबईला जायचे.

चष्मा_कुठाय
शिरोरेषेच्या वर बघून भांडण मिटणार नाही, तिथे वेलांटी, मात्रा, ओरखडा सगळं एकाच पट्टीत येतं, आणि मूल वेलांटी हलक्या हातानेच फिरवतं. खाली बघा. काका आणि काकी दोन्हीत शेवटी दंड आहे, म्हणून त्या शब्दावरून ठरत नाही. पण "गेले" आणि "गेली" मध्ये फरक पडतो. "ले" मध्ये ल चा स्वतःचा एकच दंड, "ली" मध्ये त्याच्या पुढे वेलांटीचा दुसरा दंड. आत्या काकाला "गेला" लिहिणार नाही, काका गेले असंच म्हणतात आपल्याकडे. म्हणजे ल च्या पुढे उभा दुसरा उंचवटा आहे का ते बघायचं, आणि उभी रेघ हवी म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूच्या उजेडाचेच फोटो घ्या, वरखालचे नकोत.

रानवाट
ल च्या पुढे उभा उंचवटा आहे!

चष्मा_कुठाय
थांबा, घाई नको. पुढून त्याच जागी "विकले" मधली "वि" येतेय का ते बघा. पहिल्या वेलांटीचा दंड व च्या आधी उभा असतो, आणि तो नेमका तिथेच बसला असेल तर तुम्ही बघताय तो नव्या अक्षराचा उंचवटा.

रानवाट
हो. "वि" तिथेच आहे. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली, दंड जवळजवळ एकाच जागी पडतोय, जरासा जाड दिसतो एवढंच.

तांबडी_माती
जाड का दिसतो तेच बघायचं मग. एकाच जागी दोन दंड पडले असतील तर ते नेमके एकावर एक क्वचितच येतात, वरच्या किंवा खालच्या टोकाला फाटा फुटतो. पुढून भिंग लावून "वि" चा दंड बघा, काळी रेघ खाचेच्या मधोमध आहे का एका काठाला. काठाला असेल आणि शेजारी रिकामी खाच असेल तर जुना दंड होता. पण पुढचा कागद खरवडलेला आहे, त्यामुळे तिथे खात्री वाटेल असं दिसेलच असं नाही. खालच्या पानावरचा ठसा बघितला का?

रानवाट
खालच्या पानावर "मुंबईला" पुसटसं आहे, त्यापुढे आत्याने पाढे लिहिलेत, अठ्ठावीसचा पाढा बरोबर वरून गेलाय.

धुरळा
मी अजून काकीच म्हणतो.

सांगलीकर
आणि मी काका.

तांबडी_माती
उतरवून ठेवताना दोन्ही लिहा. जे पुढून नक्की वाचलं ते साधं, जे मागच्या उंचवट्यावरून वाचलं ते चौकोनी कंसात, आणि जिथे दोन वाचनं शक्य आहेत तिथे दोन्ही तिरक्या रेघेने: "[का(का/की) मुंबईला गेल(े/ी)]", खाली "खोडून: बैल विकले". शेजारी कुठल्या फोटोवरून वाचलं त्याचं नाव. उद्या कोणाला जास्त चांगला उजेड मिळाला तर त्याला तुमच्या अंदाजाशी झगडावं लागणार नाही. आणि मूळ स्कॅन वेगळे ठेवा, कोडमधून काढलेलं चित्र हे वाचायला केलेलं आहे, त्यात कुठली रेघ जाऊन अक्षराचा तुकडा गेला हे नंतर कळत नाही.

वही परत ठेवताना प्रत्येक दोन पानांच्या मध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला, तो मिळाला नाही तर निदान कोरा पांढरा कागद, वर्तमानपत्र नको. आणि आडवी ठेवा, वर वजन नको, पानं एकमेकांवर घासली की अजून जाईल.

रानवाट
तसंच लिहून ठेवते. चुलतबहिणीला दोन्ही फोटो पाठवलेत, तिच्याकडे आत्याची त्याच वर्षीची गणिताची वही असण्याची शक्यता आहे म्हणते. त्यात ल आणि ली कशी काढायची ते तिच्या अक्षरात बघायला मिळेल, दंड किती अंतरावर द्यायची ते. चष्मा_कुठाय, त्याचा उपयोग होईल ना?

चष्मा_कुठाय
होईल, जर तेव्हाचीच असेल तर. चौथीतल्या पोरीचं अक्षर वर्षभरात बदलतं. त्यातले "ली" असलेले पाच-सहा शब्द त्याच ६०० वर स्कॅन करून टाका, ल च्या दंडापासून पुढच्या दंडापर्यंतचं अंतर मोजू आणि इथल्या उंचवट्याशी लावून बघू. सारखं आलं तर काकीच्या बाजूने थोडं वजन पडेल, नक्की तरीही म्हणणार नाही.